क्लास कोणी सोडला?

‘काही तांत्रिक अडचणींमुळे सोमवारपासून बॅच ऑनलाइन होईल. पालकांनी सहकार्य करावे.’ कोचिंग क्लास मध्येच बंद पडतो तेव्हा बहुधा अशाच निरोपाने पडतो. त्यात ‘बंद’ हा शब्द कुठेच नसतो. आधी फिजिक्सचे सर येईनासे होतात, मग दोन बॅच एका खोलीत बसवतात, मग टेस्ट पुढे ढकलतात, आणि एक दिवस शटरवर जागामालकाचं कुलूप दिसतं. पैसे परत मागायला गेलेल्या पालकाला पावतीची मागची बाजू दाखवली जाते. तिथे बारीक अक्षरात छापलेलं असतं की एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. वर सही पालकाचीच. बरेचसे पालक इथूनच मागे फिरतात.

हे फक्त गल्लीतल्या लहान क्लासचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जेईईची तयारी करून घेणाऱ्या एका देशव्यापी संस्थेची नोएडा, गाझियाबाद, दिल्ली, पाटणा अशा शहरांतली केंद्रं परीक्षेच्या तोंडावर बंद पडली. पगार थकल्यामुळे शिक्षक निघून गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पालकांच्या हातात मात्र दोन-दोन वर्षांच्या फीच्या पावत्या होत्या. आपल्याकडेही अकरावी-बारावीच्या ‘इंटिग्रेटेड’ बॅचची फी बहुतेक वेळा सुरुवातीलाच घेतली जाते, त्यामुळे क्लास बुडाला की शिकवून न झालेल्या महिन्यांचे पैसेही त्याच्याबरोबर जातात.

अशा पालकाची तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकते की नाही, हे माझ्या मते एकाच प्रश्नावर ठरतं: क्लास कोणी सोडला, विद्यार्थ्याने की क्लासने? पावतीच्या मागची ती अट ‘विद्यार्थी सोडून गेला तर’ या प्रसंगासाठी लिहिलेली असते. क्लासने स्वतःच शिकवणं थांबवलं तर तिचा आधार त्याला घेता येत नाही. म्हणून क्लासचा वकील आयोगापुढे अटीची चर्चा फार ताणत नाही. तो म्हणतो, क्लास बंद झालाच नव्हता, आम्ही ऑनलाइन वर्ग दिले, दुसऱ्या शाखेत जागा दिली, विद्यार्थीच आला नाही. तक्रार लिहायला घेताना नजर या बचावावर हवी.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वकिलांकडूनही ऐकायला मिळतो. ‘शिक्षण ही सेवा नाही, त्यामुळे ग्राहक कायदा लागू होत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. मनू सोळंकी विरुद्ध विनायका मिशन युनिव्हर्सिटी या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २० जानेवारी २०२० रोजी निकाल दिला, त्यात शाळा, महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांचं शिक्षणकार्य ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. पण त्याच निकालात कोचिंग संस्था वेगळ्या काढल्या. त्या पदवी देत नाहीत, कुठल्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या नियमांखाली येत नाहीत, पैसे घेऊन शिकवण्याची सेवा विकतात, म्हणून त्यांच्या सेवेतील त्रुटीची तक्रार आयोगाला ऐकता येते. क्लासच्या उत्तरात निकालाचा पहिला भाग आला, की दुसरा भाग आपल्याकडे तयार असावा. क्लास एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाशी जोडलेला असेल तर पावत्या नीट वेगळ्या कराव्यात. महाविद्यालयाच्या प्रवेश फीवरून वाद घालत बसलात, तर क्लासच्या फीचा साधा मुद्दाही गुंत्यात सापडेल.

आता एक प्रकरण शेवटपर्यंत पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातलं काहीच अनोळखी नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा एक क्लास. अकरावी-बारावी आणि जेईई, जून २०२४ ते मार्च २०२६, म्हणजे बावीस महिने. पावतीवर नोंदणी १०,००० रुपये, अभ्याससाहित्य १२,००० आणि शिकवणी ९८,००० असे तीन आकडे, मिळून १,२०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००. पालकाने एकूण १,४१,६०० रुपये भरले. जून ते डिसेंबर असे सात महिने वर्ग झाले. शनिवारी, ४ जानेवारी २०२५ रोजी ग्रुपवर वरचा निरोप आला आणि सोमवारी, ६ जानेवारीला कॉलेज रोडचं दार उघडलं नाही. पर्याय म्हणून सांगण्यात आलं की ऑनलाइन बसा, नाहीतर नाशिकरोडच्या शाखेत या.

इथे पालकाने पहिल्या आठवड्यात काय केलं, यावर पुढची दोन वर्षं ठरतात. भारतीय करार कायद्याचं कलम ३९ सांगतं की एका पक्षाने करार पुरा करायला नकार दिला तर दुसऱ्याला करार संपवता येतो, पण त्याने बोलण्यातून किंवा वागण्यातून करार चालू ठेवायला संमती दिली असेल तर नाही. मुलगा तीन महिने मुकाट्याने ऑनलाइन बसला, टेस्ट दिल्या, ग्रुपवर ‘ओके सर’ लिहिलं, की क्लास म्हणणार, बदल त्यांना मान्य होता. याचा अर्थ मुलाने ऑनलाइन बसूच नये असा नाही. परीक्षा जवळ आली असेल तर बसावंच लागतं. पण बसण्यापूर्वी एक ईमेल पाठवावा: ‘प्रत्यक्ष वर्गासाठी फी भरली आहे. ऑनलाइन वर्ग हा बदल आम्हाला मान्य नाही. मुलाचं नुकसान होऊ नये म्हणून तो निषेध नोंदवून तात्पुरता हजर राहील. प्रत्यक्ष वर्ग सात दिवसांत सुरू न झाल्यास उर्वरित फी परत करावी.’ चार ओळींचं हे पत्र पुढे वीस पानी युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडतं. नाशिकरोडचा पर्यायही नुसता नाकारू नये. कारण लिहावं: कनिष्ठ महाविद्यालय सुटल्यावर तिथे वेळेत पोहोचता येत नाही, त्या शाखेत जेईईची बॅच नाही, किंवा असली तरी अभ्यासक्रम तीन धडे पुढे गेला आहे. जे खरं असेल ते. पर्याय वाजवी होता की नाही, हे आयोग कारणांवरून ठरवतो.

मग पुरावा. व्हॉट्सअॅप ग्रुप क्लासच्या ताब्यात असतो. ॲडमिन तुम्हाला काढून टाकू शकतो, निरोप पुसू शकतो. म्हणून त्याच दिवशी ग्रुपमधून ‘एक्सपोर्ट चॅट’ करून ती फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. स्क्रीनशॉट घ्यावेत, पण त्यात वरचं ग्रुपचं नाव आणि निरोपाची तारीख दिसली पाहिजे. नुसत्या फुग्याचा कापलेला स्क्रीनशॉट समोरचा वकील सहज झटकतो. कुलूपबंद दाराचे फोटो, दारावर जागामालकाने चिकटवलेली नोटीस, हजेरीच्या ॲपवर ६ जानेवारीनंतर कोरा पडलेला तक्ता, अभ्यासक्रमाचं छापील वेळापत्रक आणि मुलाच्या वहीत शेवटच्या वर्गाची तारीख, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं. आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांत दिवाणी न्यायालयाइतका अडकत नाही, तरी प्रमाणपत्र जोडलेलं असलं की त्या मुद्द्यावर आक्षेपाला जागा राहत नाही.

आता तक्रार कोणाविरुद्ध? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि बरीच प्रकरणं याच ठिकाणी लंगडी होतात. फलकावर एक नाव असतं, पावतीवर दुसरं, आणि यूपीआयने पैसे गेलेले असतात तिसऱ्याच खात्यात. फ्रँचाइझी असेल तर मूळ कंपनी म्हणते की पैसे स्थानिक चालकाने घेतले, आणि स्थानिक चालक म्हणतो की धोरण मूळ कंपनीचं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक इथे कामाला येतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे, तिथे तो पंधरा अक्षरी क्रमांक टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि तो एका मालकाचा आहे, भागीदारी आहे की खासगी कंपनी, हे दिसतं. एका मालकाचा असेल तर मालकाला व्यक्तिशः सामनेवाले करावं. भागीदारी असेल तर संस्था आणि भागीदार दोघांनाही. फ्रँचाइझी असेल तर मूळ कंपनी आणि स्थानिक चालक, दोघांविरुद्ध ‘संयुक्तिक आणि वैयक्तिक’ जबाबदारी मागावी. ज्या क्लासने पावतीवर जीएसटी लावलेला दिसतो पण क्रमांक छापलेला नाही, तिथे तो भरला गेला का ही वेगळीच शंका घ्यायला हरकत नाही.

तक्रारदार कोण, हेही पाहावं. फी पालकाने भरली, सेवा मुलासाठी होती. कायद्यातली ग्राहकाची व्याख्या पैसे देणाऱ्याला आणि त्याच्या संमतीने सेवा घेणाऱ्यालाही धरते, आणि ग्राहक अज्ञान असेल तर पालकाला तक्रार करता येते. बारावीच्या मुलाला मधल्या काळात अठरा पूर्ण होतात, तेव्हा त्याला दुसरा तक्रारदार करून घेतलेलं बरं.

एकदम आयोगाकडे जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि consumerhelpline.gov.in हे संकेतस्थळ. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. नाव राखायचं असलेल्या मोठ्या संस्था इथे पैसे परत करताना दिसतात. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त मध्यस्थी करते. शटर पाडून गायब झालेल्या मालकावर तिचा परिणाम होण्याची आशा कमी. तरी तक्रार नोंदवावी, कारण मिळालेल्या डॉकेट क्रमांकावरून पालक गप्प बसला नव्हता हे सिद्ध होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं नाव पालक बरेचदा घेतात. ते प्राधिकरण फसव्या जाहिरातींवर दंड लावतं, आणि कोचिंगच्या जाहिरातींसाठी त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण ते अनेक ग्राहकांच्या सामाईक हिताचं काम पाहतं, तुमच्या एका पावतीचे पैसे वसूल करून देत नाही. ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक लावून प्रवेश घेतले असतील तर तिकडे जरूर कळवावं. पैशांसाठी मात्र जिल्हा आयोगच.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवावी. पंधरा दिवसांची मुदत, मागणीची नेमकी रक्कम, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. पत्ते दोन: बंद झालेल्या शाखेचा आणि मालकाच्या घरचा किंवा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा. ‘लेफ्ट’ किंवा ‘बंद’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नये, तसंच आयोगापुढे ठेवावं. एक सावधगिरी: तक्रारीची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असते, आणि नोटिसा पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. आपल्या उदाहरणात घड्याळ ६ जानेवारी २०२५ला सुरू झालं. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांत वर्ष निघून जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता रक्कम. पालक सहसा पूर्ण फी मागतात आणि तिथेच आपली बाजू पातळ करतात. सात महिने शिकवलेलं होतं, पुस्तकं मिळालेली होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. क्लास ते पहिल्याच पानावर सांगणार, आणि मग तक्रारीतल्या उरलेल्या गोष्टींबद्दलही शंका येते. हिशेब असा मांडता येतो. शिकवणीच्या ९८,००० रुपयांचे बावीस भाग केले तर एक महिना ४,४५४ रुपयांचा. उरलेले पंधरा महिने म्हणजे ६६,८१८ रुपये. साहित्याचे निम्मे, म्हणजे न मिळालेल्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांचे ६,०००. दोन्ही मिळून ७२,८१८. त्यावरचा जीएसटी १३,१०७. एकूण ८५,९२५ रुपये. नोंदणीचे १०,००० इथे सोडून दिले आहेत. माझं मत असं की तेही प्रमाणात मागता येतात, कारण नोंदणी बावीस महिन्यांच्या कोर्ससाठी होती आणि तो कोर्स क्लासने मोडला. मागायचे तर वेगळ्या ओळीत मागावेत, म्हणजे आयोगाने ते नाकारले तरी बाकीचा हिशेब शाबूत राहील.

महिन्यांऐवजी अभ्यासक्रमावरून हिशेब केला तर आकडा बदलतो. जेईईच्या बॅचमध्ये अकरावीचे सोपे धडे आधी भरभर होतात आणि जड भाग दुसऱ्या वर्षी येतो. सात महिन्यांत एक चतुर्थांशच अभ्यासक्रम झाला असेल, आणि क्लासच्या स्वतःच्या छापील नियोजनावरून ते दाखवता येत असेल, तर तो हिशेब पर्यायी म्हणून द्यावा. नुसतं ‘फार कमी शिकवलं’ असं लिहून काही होत नाही.

जीएसटीबद्दल काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तो सरकारकडे गेला, आम्ही कुठून देणार?’ सेवा पूर्ण दिली गेली नाही तर पुरवठादाराला क्रेडिट नोट काढून आपला कर कमी करून घेता येतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३४मध्ये ती सोय आहे, आणि त्यासाठी पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते. क्लासने ती मुदत घालवली तर तो त्याचा ढिसाळपणा, पालकाचा नाही. नोटीस लवकर पाठवण्याचं हेही एक कारण.

फी कर्जावर भरली असेल तर गुंता वाढतो. काउंटरवर ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून सही घेतलेली असते, पण कागदोपत्री ते एखाद्या वित्तीय कंपनीचं कर्ज असतं. तिने क्लासला रक्कम आधीच दिलेली असते. क्लास बंद झाला तरी हप्ते बंद होत नाहीत, आणि थांबवले तर सिबिल बिघडतं. वित्तीय कंपनीला क्लास बंद झाल्याचं लेखी कळवावं, आणि तिचा माणूस क्लासच्या काउंटरवरच बसून कर्ज देत असेल, म्हणजे दोघांचा व्यवहार एकच होता असं दाखवता येत असेल, तर तिलाही सामनेवाले करून हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागावी. आयोगाला अंतरिम आदेश देण्याचा अधिकार आहे. पुढच्या तारखांचे धनादेश दिले असतील तर ‘स्टॉप पेमेंट’ करण्यापूर्वी कारण देणारं पत्र क्लासला पाठवावं. धनादेश न वटल्याची फौजदारी तक्रार झालीच, तर देणं उरलंच नव्हतं हे दाखवायला ते पत्र लागतं.

तक्रारीचा मसुदा लांब नको. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठीत तक्रार चालते, आदेशही मराठीत होतात. क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, प्रत्येकात एकच गोष्ट आणि शेवटी कागदाचा निशाणी क्रमांक. आपल्या प्रकरणातले दोन परिच्छेद असे असतील:

‘५. सामनेवाले यांनी दि. ४ जानेवारी २०२५ रोजी व्हॉट्सअॅपद्वारे कळवून दि. ६ जानेवारी २०२५ पासून कॉलेज रोड येथील प्रत्यक्ष वर्ग बंद केले (निशाणी ४). तत्पूर्वी कोणतीही पूर्वसूचना दिली नाही अथवा तक्रारदाराची संमती घेतली नाही.

६. तक्रारदाराने दि. ८ जानेवारी २०२५ च्या ईमेलद्वारे सदर बदलास लेखी हरकत घेतली व उर्वरित फीची मागणी केली (निशाणी ५). सामनेवाले यांनी उत्तर दिले नाही.’

या दोन परिच्छेदांत क्लास कोणी सोडला, याचं उत्तर आलं. पुढे कायद्याचा मुद्दा दोनच ओळींत मावतो. ठरलेली सेवा न देणं ही सेवेतील त्रुटी. आणि त्रुटीयुक्त सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा. या कलमात मुदतही आहे: पावतीवर काही मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. ‘फी परत मिळणार नाही’ हे छापलं म्हणजे मुदत लिहिली असं होत नाही.

इथे एक खाच आहे. पावतीवरची अट ‘अन्यायकारक करार’ म्हणून रद्दबातल ठरवा, अशी मागणी जिल्हा आयोगाकडे करू नये. कायद्याने तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगापुढे ती मागणी घातली की अधिकारक्षेत्राचा आक्षेप आयता मिळतो. मागणी पैसे परत करण्याची ठेवावी, आणि अट क्लासच्याच शब्दांत या प्रसंगाला लागू होत नाही, एवढं सांगावं. लागली तरी ती एकतर्फी आहे, हे दाखवायला राष्ट्रीय आयोगाचे जुने निकाल आहेत. सेहगल स्कूल ऑफ कॉम्पिटिशन विरुद्ध दलबीर सिंग यात दोन वर्षांची फी आगाऊ घेणाऱ्या क्लासला, विद्यार्थी मध्येच सोडून गेला असतानाही, न शिकवलेल्या काळाची फी अडवून ठेवता आली नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनाही, विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत प्रमाणात परत करावी असं सांगतात. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. त्या राबवणं राज्यांवर सोडलेलं आहे, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. पण सोडून जाणाऱ्याला जे मिळायला हवं, ते ज्याला बाहेर काढलं त्याला का मिळू नये, हा प्रश्न आयोगापुढे ठेवायला त्या पुरेशा आहेत.

तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून हे पोर्टल आधीच्या ई-दाखिलच्या जागी आलं. ओटीपीने खातं उघडायचं, तक्रार, शपथपत्र, तारखांची यादी आणि कागदपत्रं पीडीएफ करून चढवायची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य. क्लासच्या अर्जात ‘सर्व वाद दिल्लीच्या न्यायकक्षेत’ असं लिहिलेलं असलं तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही सोय २०१९च्या कायद्याने दिली. ‘वाद लवादाकडे जाईल’ ही अटही आड येत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. बॅचमधले सगळे पालक एकत्र आले तर संयुक्त तक्रार करता येते. मात्र प्रत्येकाची फी, हजेरी आणि थकलेले हप्ते वेगळे असतात, आणि एकाचा कागद कमी पडला की सगळे अडकतात. मला एकसारख्या मसुद्याच्या स्वतंत्र तक्रारी बऱ्या वाटतात.

तक्रार दाखल करून घेतल्यावर सामनेवाल्याला नोटीस निघते. लेखी कैफियत द्यायला त्याला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात ठरवलं. क्लास बंद करून बसलेले मालक ही मुदत बरेचदा चुकवतात. म्हणून नोटीस बजावल्याच्या तारखेचा पुरावा जपावा आणि सेहेचाळिसाव्या दिवसानंतरच्या पहिल्याच तारखेला ‘विना कैफियत’ पुढे चालवण्याचा अर्ज द्यावा. त्यानंतर दोन्ही बाजूंची पुराव्याची शपथपत्रं, लेखी युक्तिवाद, आदेश. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात रिकाम्या जागा आणि तुंबलेली प्रकरणं यामुळे वर्ष-दोन वर्षं धरून चालावं. मध्ये मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तुच्छ मानू नये. चालू असलेला क्लास पंचाऐंशी हजारांसाठी तारखा घेत बसण्यापेक्षा साठ-सत्तर हजार लगेच द्यायला तयार होतो, आणि मुलाची पुढच्या क्लासची फी तर आजच भरायची असते.

क्लास चालवणारी कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तर चित्र पालटतं. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ची स्थगिती लागू झाली की कंपनीविरुद्धची तक्रार थांबते, आणि पालकाला पावत्यांसह आपला दावा तिथल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत नोंदवावा लागतो. तिथे बँका पुढे आणि पालक फार मागे असतात. बंद पडलेली शाखा मोठ्या कंपनीची असेल तर वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवावं.

पोलिसांत जावं का, असं प्रत्येक पालक विचारतो. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, नुसता धंदा बुडणं पुरत नाही. पण जागेचं भाडं थकलेलं, शिक्षकांनी राजीनामे दिलेले आणि तरी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘लवकर भरा, सवलत मिळवा’ म्हणून पुढच्या वर्षाची फी गोळा केली असेल, तर गोष्ट वेगळी. अशा पालकांनी त्या सवलतीच्या निरोपाची तारीख आणि जागामालकाच्या नोटिशीची तारीख शेजारी शेजारी ठेवून फिर्याद द्यावी. ग्राहक आयोगातली तक्रार त्यामुळे थांबत नाही.

आदेश मिळाला की पैसे मिळाले असं नाही. सामनेवाल्याला राज्य आयोगाकडे पंचेचाळीस दिवसांत अपील करता येतं, पण आदेशाच्या रकमेचा अर्धा भाग आधी भरावा लागतो. अपील न करता तो गप्प बसला तर दोन वाटा आहेत. कलम ७१ खाली आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, म्हणजे खातं आणि मालमत्ता जप्त करता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मालक शहरातच राहत असेल तर ७२चा समन्स लवकर काम करतो. क्लासचं नाव बदलून दुसऱ्या चौकात तोच धंदा चालू असेल तर ७१. जप्तीसाठी खात्याचा तपशील मात्र तक्रारदारालाच द्यावा लागतो, आणि तो फी भरतानाच्या यूपीआय नोंदीत किंवा वटलेल्या धनादेशाच्या बँक विवरणात सापडतो.